फुल्या, गोळे आणि बिटकॉइन : वेळ न मोजणाऱ्या चार्टची पार्श्वभूमी

पॉइंट अँड फिगर चार्टमध्ये तारखांचा आडवा अक्ष नसतो. भाव ठरलेल्या टप्प्याने, म्हणजे एका बॉक्सने, वर गेला की फुली, तेवढ्याच टप्प्याने खाली आला की गोळा. भाव हललाच नाही तर आठवडा गेला तरी कागद कोराच राहतो. क्रिप्टोच्या मंडळींना ही पद्धत अलीकडे नव्याने भावली आहे. त्यांचा बाजार चोवीस तास चालतो, रविवारी पहाटेही एखादी भलीमोठी कँडल उमटते आणि तिला किती महत्त्व द्यायचं हे कळत नाही. पण ही पद्धत काही बाजारातला आवाज, म्हणजे फुटकळ हालचाली, गाळण्यासाठी शोधलेली नव्हती. ती जन्माला आली तेव्हा न्यूयॉर्कच्या दलालांच्या हाती टिकरची पट्टी होती. तिच्यावर भाव एकामागून एक छापून येत आणि ते वहीत उतरवून घेणं हाच चार्ट होता.

सुरुवातीला फुल्या नव्हत्या, आकडे होते. चौकटीच्या कागदावर भावाचाच आकडा लिहायचा, एक पॉइंट वर गेला की वरच्या चौकोनात पुढचा आकडा, उलटला की शेजारच्या रकान्यात. १८९८ साली ‘हॉइल’ या टोपणनावाने छापलेल्या एका पुस्तकात या प्रकाराची नोंद सापडते. जुलै १९०१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये ‘बुक मेथड’ या नावाने तिची चर्चा झाली. चार्ल्स डाऊ यांचा तो काळ. १९३३ मध्ये व्हिक्टर डीव्हिलियर्स यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास रिचर्ड वायकॉफ या पद्धतीतून आडवी मोजणी शिकवत होते : भाव एका पट्ट्यात जितके रकाने घुटमळला, तितकी पुढच्या चालीची शिदोरी.

पद्धतीला आजचं रूप आलं ते १९४७ च्या सुमारास, ए. डब्ल्यू. कोहेन यांच्यामुळे. टिकरसमोर दिवसभर बसणं सामान्य गुंतवणूकदाराला परवडणारं नव्हतं. त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र असे आणि त्यात दिवसाचा उच्चांक नि नीचांक. कोहेन यांनी तेवढ्यावर भागवलं. एका बॉक्सऐवजी तीन बॉक्सचं रिव्हर्सल ठेवलं, म्हणजे भाव तीन घरं उलटल्याशिवाय नवा रकाना सुरू करायचा नाही. शिवाय एक साधा नियम घातला. चालू रकाना फुल्यांचा असेल तर आधी उच्चांक बघा. नवी फुली बसत असेल तर ती काढा आणि त्या दिवसाचा नीचांक विसरा. फुली बसत नसेल तरच नीचांकाकडे वळा. महिना बदलला की त्या घरात फुलीऐवजी महिन्याचा क्रमांक, आणि ऑक्टोबरपासून पुढे A, B, C. वेळ अशी चोरपावलांनी आत राहिलीच होती.

हा वर्तमानपत्री नियम आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा आहे, आणि क्रिप्टोमध्ये तो कसा नडतो हे ५ मार्च २०२४ रोजी दिसलं. त्या दिवशी बिटकॉइनने ६९,००० डॉलरच्या किंचित वर जाऊन २०२१ चं शिखर ओलांडलं, आणि काही तासांत तो ६०,००० च्या खाली घसरला. आता १,००० डॉलरचा बॉक्स धरा. ६९ हजारांची नवी फुली बसली, म्हणून त्या दिवसाचा नीचांक बाद. दुसऱ्या दिवशीचा नीचांक ६० हजारांच्या बराच वर होता, त्यामुळे गोळ्यांचा रकाना तिथेच थांबला. सगळ्या जगाने पाहिलेला तळ चार्टवर नाहीच!

गंमत पुढे आहे. एक्स्चेंजची दिवसाची कँडल यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते. शिखर आपल्या रात्री आलं आणि तळ मध्यरात्र उलटल्यावर. भारतीय मध्यरात्रीला दिवस तोडला असता तर शिखर ५ तारखेला आणि तळ ६ तारखेला पडला असता आणि गोळे खालपर्यंत उतरले असते. वेळेला बाजूला ठेवणारा चार्ट, पण दिवस कुठे कापायचा यावर त्याचं चित्र बदलतं. उपाय एवढाच की क्रिप्टोसाठी दिवसाचे आकडे न देता तासाचे किंवा पाच मिनिटांचे द्यावेत. कोहेन यांची अडचण आज कोणाला नाही. तरी चार्ट बनवणाऱ्या वेबसाइटवर डीफॉल्ट ‘डेली’च असतं आणि ते बदलायची तसदी फारसं कोणी घेत नाही.

बॉक्सच्या आकाराची कथाही कोहेन यांच्यापासूनच सुरू होते. त्यांनी भावानुसार टप्पे ठरवले होते : ५ ते २० डॉलरच्या शेअरला अर्ध्या डॉलरचा बॉक्स, २० ते १०० ला एक डॉलरचा, त्यावर दोनचा. अमेरिकी शेअरला ते पुरलं. बिटकॉइन मार्च २०२० मध्ये ४,००० च्या खाली होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या वर. २,००० डॉलरचा बॉक्स पहिल्या टोकाला निम्मा बाजार गिळतो आणि दुसऱ्या टोकाला दोन टक्केही भरत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या चार्टला टक्क्यांचा बॉक्स लागतो. एखाद्या वर्षाच्या पट्ट्यासाठी मात्र साधा डॉलरचा बॉक्स चालतो आणि हाताने मोजायला बरा पडतो.

मार्च ते नोव्हेंबर २०२४ चा पट्टा तसा मोजून बघू. बॉक्स २,००० चा, रिव्हर्सल तीन घरांचं, म्हणजे ६,००० डॉलर उलटल्याशिवाय नवा रकाना नाही. मार्चच्या मध्याला भाव ७३ हजारांच्या वर गेला, पण ७४ हजार गाठले नाहीत, म्हणून शेवटची फुली ७२ च्या घरात. तिथून गोळे ६२ पर्यंत. पुन्हा फुल्या, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा ७२. मग ६० पर्यंत घसरण, ६६ पर्यंत उसळी, मेच्या पहिल्या दिवशी ५८ पर्यंत घसरण.

त्यापुढचा रकाना नीट बघण्यासारखा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाव ७२ हजारांच्या अगदी हाताशी गेला, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसाच, आणि दोन्ही वेळा थोडक्यात चुकला. कँडलचा चार्ट बघणारा इथे दोन शिखरं मोजतो. आपल्या चार्टवर मधली घसरण सहा हजारांची नव्हती, त्यामुळे रकाना तोच राहिला आणि माथा एकच, ७० च्या घरात. आवाज गाळणं म्हणतात ते हेच. गाळणी वेळेची नाही, आकाराची आहे. मात्र त्या आठवड्यात एखाद्या एक्स्चेंजवर भाव शंभरेक डॉलर जास्त गेला असता तर त्याच रकान्याचा माथा ७२ दिसला असता. म्हणून कोणत्या एक्स्चेंजचे आकडे घेतले हे चार्टखाली लिहून ठेवावं.

जुलैच्या सुरुवातीला ५४ पर्यंत घसरण, जुलैअखेर पुन्हा ७० आणि ५ ऑगस्टच्या पडझडीत ५० चा गोळा. ऑगस्टअखेर ६४, सप्टेंबरच्या सुरुवातीला ५४, महिनाअखेर ६६, ऑक्टोबरमध्ये ६० आणि तिथून वर जाणारा शेवटचा रकाना. आता माथे मोजा : ७२, ७२, ७०, ७०. आठ महिन्यांत चार रकाने एकाच दोन घरांच्या पट्टीत अडले. हा रेझिस्टन्स डोळ्यांनी अंदाजे ओढलेल्या रेषेचा नाही, घरं मोजून मिळालेला आहे. ऑक्टोबरअखेर भाव पुन्हा ७२ च्या घरात आला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ६७ च्या आसपास घसरला, पण ६६ न लागल्यामुळे रकाना मोडला नाही. अमेरिकी निवडणुकीचा निकाल लागताना ७४ ची फुली बसली आणि सगळे माथे एकदम ओलांडले गेले.

खालच्या बाजूला मात्र हीच मोजणी दगा देत होती. आधीच्या गोळ्यांच्या तळाखाली एक घर गेलं की विक्रीचा इशारा, असा नियम. एप्रिलमध्ये ६० चा गोळा ६२ च्या खाली गेला, मेमध्ये ५८ चा गोळा ६० च्या खाली, जुलैमध्ये ५६ चा गोळा ५८ च्या खाली, ऑगस्टमध्ये ५२ चा गोळा ५४ च्या खाली. चारही वेळा भाव आणखी जेमतेम एखादं घर उतरून वर फिरला. एप्रिल आणि मेमध्ये तर तेवढंही उतरला नाही. चार इशारे लागोपाठ फसवे. एक टक्का टीडीएस आणि तोटा वजा न करू देणारा तीस टक्के कर भरणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेडरला हे चार सौदे किती महाग पडले असते ते वेगळं सांगायला नको. शेअर बाजारात सपोर्टखालची पहिली घसरण बहुधा गांभीर्याने घेतात. उधारीच्या पोझिशन एक्स्चेंज आपोआप कापून टाकतं अशा बाजारात तळाखालचं पहिलं घर अनेकदा त्या कापाकापीचंच असतं. पुढचा गोळा बसतो का, हे बघण्यापुरता धीर इथे लागतो.

राहिली वायकॉफ यांची आडवी मोजणी. मार्चच्या ७२ च्या रकान्यापासून नोव्हेंबरच्या ब्रेकआउटच्या रकान्यापर्यंत पंधरा रकाने भरतात. पंधरा गुणिले तीन गुणिले २,००० म्हणजे ९०,०००. ते पट्ट्याच्या तळात, ५०,००० मध्ये मिळवले की टार्गेट येतं १,४०,०००. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव १,२६,००० च्या आसपास गेला आणि तिथून कोसळला. टार्गेट हुकलं. पण मोजणी जुलैच्या तळापासून, म्हणजे ५४ पर्यंत उतरलेल्या गोळ्यांच्या रकान्यापासून सुरू केली तर आठच रकाने येतात : ४८,००० अधिक ५०,०००, म्हणजे ९८,०००. हे टार्गेट ब्रेकआउटनंतर तीन आठवड्यांच्या आत, नोव्हेंबरमध्येच लागलं. दोन्ही मोजण्या नियमात बसतात. वायकॉफ यांच्या परंपरेतले लोक म्हणूनच पट्ट्याचे तुकडे पाडून आधी लहान मोजणी करतात आणि ती लागल्यावरच मोठीकडे बघतात. मोजणी कोणत्या रकान्यापासून धरली हे ब्रेकआउटच्या आधी लिहून ठेवलं नसेल, तर नंतर हवं ते टार्गेट जुळवून दाखवता येतं, आणि तसे जुळवलेले चार्टच जास्त बघायला मिळतात.