वर्गणी महसुलाचा तिमाही अंदाज

वर्गणी महसुलाचा तिमाही अंदाज म्हणजे दरमहा वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांकडून पुढच्या तीन महिन्यांत किती महसूल मिळेल, याचा स्प्रेडशीटमध्ये मांडलेला हिशेब. तो तीन आकड्यांवर उभा असतो : किती ग्राहक सोडून जातील (गळती किंवा चर्न), किती नवे येतील आणि चालू ग्राहकांपैकी किती जण महागड्या योजनेत जातील (अपग्रेड). हिशेब बेरीज-वजाबाकी-गुणाकारापलीकडे जात नाही. तरीही तो चुकतो, कारण ग्राहक महिन्यात केव्हा आला आणि गळतीचा दर कोणत्या महिन्यांवरून काढला, या दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांना सौदापट्टीचे सॉफ्टवेअर पुरवणारा एखादा छोटा व्यवसाय उदाहरणासाठी घेऊ. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, अडत आणि खरेदीदाराची उधारी एवढे त्यात होते. साध्या योजनेची वर्गणी महिना ६०० रुपये. एकाहून अधिक दुकाने किंवा अनेक कारकून असणाऱ्यांसाठी मोठी योजना, महिना १,००० रुपये. समजा, डिसेंबरअखेर साध्या योजनेत ३०० आणि मोठ्या योजनेत १०० ग्राहक आहेत. म्हणजे १ जानेवारीला मासिक आवर्ती महसूल २,८०,००० रुपये झाला. जानेवारी ते मार्च या तिमाहीचा अंदाज हवा आहे.

मांडणी

साध्या योजनेची गळती महिना ४ टक्के, मोठीची १ टक्का, साध्यातून मोठीत जाणारे महिना २ टक्के आणि नवे ग्राहक महिना २०, असे धरू. नवे ग्राहक सगळे साध्या योजनेतच येतात असेही मानू. स्तंभ B, C, D मध्ये तीन महिने आणि स्तंभ H मध्ये गृहीतके : H2 साधी गळती, H3 अपग्रेड, H4 मोठी गळती, H5 आणि H6 दोन्ही दर. ओळ २ मध्ये साध्या योजनेचे सुरुवातीचे ग्राहक, ३ मध्ये नवे, ७ मध्ये मोठ्या योजनेचे सुरुवातीचे ग्राहक.

```
B4:  =B2*$H$2
B5:  =B2*$H$3
B6:  =B2+B3-B4-B5
B8:  =B7*$H$4
B9:  =B7+B5-B8
B10: =B2*$H$5+B7*$H$6
B11: =B6*$H$5+B9*$H$6
B12: =(B10+B11)/2
C2:  =B6
C7:  =B9
```

ओळ ५ मधील अपग्रेड एका योजनेतून वजा होऊन दुसऱ्या योजनेत मिळते, हे या मांडणीचे मर्म आहे. अपग्रेड झालेला ग्राहक १,००० रुपयांचा नवा ग्राहक म्हणून मोजणे ही नेहमी आढळणारी चूक. त्याच्यामुळे उत्पन्न वाढते ते फक्त ४०० रुपयांनी. दोन योजनांना एकच सरासरी गळती लावणेही टाळावे, कारण दोन दुकाने एकाच सॉफ्टवेअरवर बसवलेला अडत्या सहजी जागचा हलत नाही.

सूत्रे चालवली की तीन महिने असे दिसतात :

| | जानेवारी | फेब्रुवारी | मार्च |
|---|---|---|---|
| साधी योजना, अखेर | ३०२ | ३०४ | ३०६ |
| मोठी योजना, अखेर | १०५ | ११० | ११५ |
| महिनाअखेर मासिक महसूल (रु.) | २,८६,२०० | २,९२,३१८ | २,९८,३५६ |
| त्या महिन्याचा महसूल (रु.) | २,८३,१०० | २,८९,२५९ | २,९५,३३७ |

तिमाहीची बेरीज ८,६७,६९६ रुपये. ग्राहकांचे अपूर्णांक शीटमध्ये तसेच ठेवावेत. साडेबारा ग्राहक हे वाचायला विचित्र वाटते, पण प्रत्येक महिन्यात पूर्णांक केला की चूक साचत जाते. पूर्णांक फक्त दाखवताना करावा.

अर्ध्या महिन्याचा नियम

ओळ १२ मध्ये सुरुवात आणि अखेर यांची सरासरी घेतली आहे, कारण ग्राहक महिनाभर पसरून येतात व जातात आणि वर्गणी दिवसांच्या प्रमाणात मोजली जाते असे मानले आहे. वर्गणी दर महिन्याच्या १ तारखेलाच घेतली जात असेल आणि नव्यांकडून पुढच्या महिन्यापासून पैसे घेतले जात असतील, तर सरासरी नको, ओळ १० च घ्यावी. कोणती पद्धत लागू आहे हे बिलाच्या नियमावरून ठरते.

डिसेंबरअखेरचा आकडा तीनने गुणला तर ८,४०,००० येतात, मार्चअखेरचा गुणला तर ८,९५,०६८. दोन्ही चुकीचे. नव्या ग्राहकांचेच पाहा. जानेवारीत आलेला या तिमाहीत सरासरी अडीच महिन्यांचे पैसे देतो, फेब्रुवारीतला दीड महिन्याचे, मार्चमधला जेमतेम अर्ध्या महिन्याचे. तिमाहीत ६० नवे ग्राहक म्हणजे ६० × ६०० × ३ = १,०८,००० रुपये, असे गृहीत धरणाऱ्याच्या हाती गळती सोडूनही फक्त ५४,००० येतात.

त्यातही हे ६० ग्राहक कोणत्या महिन्यात किती आले याला महत्त्व आहे. जानेवारीपासून ३०, २०, १० असे आले तर तिमाहीत ६६,००० रुपये, आणि १०, २०, ३० असे आले तर ४२,०००. हळदीची आणि नव्या बेदाण्याची आवक फेब्रुवारीपासून जोर धरते, त्यामुळे सांगलीत दुसरा क्रमच अधिक संभवतो. विक्री करणारा माणूस ‘तिमाहीत साठ’ एवढेच सांगतो. शीट करणाऱ्याने महिनावार आकडे मागून घ्यावेत.

गळतीचा दर कुठून घ्यायचा

मागच्या तिमाहीची गळती उचलून पुढच्या तिमाहीला लावणे ही सर्वांत सोपी आणि या व्यवसायात सर्वांत घातक सवय. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद ठेवून जुनी देणी चुकती केली जातात, त्याला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. त्या काळात सॉफ्टवेअरचा वापर थंडावतो आणि ‘आता नको, हंगामाला बघू’ म्हणणारे वाढतात. ऑक्टोबर-डिसेंबरचा दर त्यामुळे फुगलेला असतो, तर हंगाम तोंडावर असताना कोणी पट्टीचे सॉफ्टवेअर बंद करत नाही. जानेवारी-मार्चसाठी गेल्या वर्षीच्या जानेवारी-मार्चचा दर घ्यावा.

दर काढताना छेदात महिन्याच्या सुरुवातीचे ग्राहक असावेत आणि अंशात त्यांच्यातलेच गेलेले. त्याच महिन्यात येऊन गेलेला ग्राहक अंशात धरला आणि छेदात धरला नाही, तर दर विनाकारण वाढतो. वर्षाची वर्गणी एकदम भरलेले ग्राहक याच्या नेमके उलट करतात. वर्ष संपेपर्यंत ते जाऊच शकत नाहीत, पण छेदात बसून दर कमी दाखवतात. त्यांची वेगळी ओळ करावी आणि गळती त्यांच्या नूतनीकरणाच्या महिन्यातच लावावी. व्यापारी पाडव्याला नव्या वह्या घालतात, तेव्हा अशी नूतनीकरणे बहुधा दिवाळीच्या महिन्यात एकवटतात.

‘गेला’ कोणाला म्हणायचे हेही आधी ठरवावे लागते. यूपीआय ऑटोपेची रक्कम खात्यात पैसे नसल्याने परत गेली, तर तो ग्राहक थकबाकीदार आहे, सोडून गेलेला नाही. पुष्कळ जण आठवड्याभरात भरतात. एक महिना पैसे आले नाहीत तर गेला, असा कोणताही एक नियम चालेल, पण तो दरमहा सारखाच हवा. नियम बदलला की गळती बदललेली दिसते आणि ग्राहक मात्र तिथेच असतात.

आकडे लहान असतात हेही विसरू नये. महिन्याला १२ ग्राहक जातात असे धरले आणि ८ किंवा १६ गेले, तरी तेवढ्यावरून दर बदलला असे म्हणता येत नाही, कारण एवढा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. एका महिन्याच्या आकड्यावरून H2 बदलणारा माणूस अंदाजाऐवजी गोंगाटाच्या मागे धावत असतो.

बेरीज जुळली तरी चूक

साध्या योजनेची गळती ४ ऐवजी ८ टक्के निघाली असे समजा. दुप्पट चूक झाली. तिमाही महसूल मात्र ८,६७,६९६ वरून ८,३६,३५६ वर येतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट. विक्रीत थोडी भर पडली तर ही घट झाकलीही जाते आणि ‘अंदाज बरोबर आला’ असा अहवाल जातो. पण मार्चअखेरचा मासिक महसूल २,९८,३५६ ऐवजी २,७८,०१३ असतो, जवळजवळ सात टक्के कमी, आणि एप्रिल-जूनची तिमाही तिथून सुरू होते. तिमाहीतला बहुतांश महसूल आधीच्या ग्राहकांचा असल्याने गृहीतकातली चूक त्याच तिमाहीत पूर्ण दिसत नाही.

म्हणून पडताळणी बेरजेची करून भागत नाही. गळती, नवे, अपग्रेड आणि महिनाअखेरचा मासिक महसूल या चार ओळींत अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी ठेवावेत. शीट वापरात आणण्यापूर्वी ती मागच्या एखाद्या संपलेल्या तिमाहीवर, त्या वेळी हाती असलेल्या आकड्यांनिशीच, चालवून पाहावी. हंगाम संपल्यावर मोठीतून पुन्हा साध्या योजनेत येणारे दिसू लागले तर त्यांची ओळ वाढवावी. ते ग्राहकसंख्येत दिसत नाहीत, पण प्रत्येकामागे ४०० रुपये कमी करतात.

बँकेतली रक्कम आणि महसूल

अशा वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ६०० च्या योजनेचे बँकेत ७०८ रुपये जमा होतात. वरचे १०८ महसूल नव्हेत. खातेउताऱ्यावरून शीट भरणाऱ्याचा अंदाज पहिल्याच ओळीत फुगतो. वर्षाचे ६,००० रुपये (जीएसटी सोडून) एकदम देणाऱ्याचा महसूल महिना ५०० याप्रमाणे बारा महिन्यांत वाटून धरायचा. पैसे हाती किती येतील हा प्रश्न वेगळा असून त्याची शीटही वेगळी असते.

मर्यादा

या पद्धतीत उद्या कालसारखाच असेल हे गृहीत आहे. दरवाढ जाहीर झाली की गळती आणि अपग्रेड दोन्ही एकाच वेळी बदलतात, आणि जुने दर त्याबद्दल काही सांगत नाहीत. आपत्तीचेही तसेच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा महिन्यातली गळती पुढच्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरसाठी आधार म्हणून घेतली तर अंदाज अकारण खाली येतो, आणि तो महिना इतिहासातून पुसून टाकला तर शीट असे कधी घडतच नाही असे मानते. तो आकडा दरात न मिसळता वेगळ्या ओळीत, कारण नोंदवून, ठेवला जातो.