बॅग खांद्यावर, आणि यमक स्नेअरवर

माझा भाचा डोंबिवलीहून रोज लोकलने कॉलेजला जातो आणि गेल्या वर्षभरापासून रॅप लिहितो. परवा त्याने मला एक बीट आणि त्यावर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली एक ओळ ऐकवली:

बॅग खांद्यावर, हात दांड्यावर, चाक सांध्यावर, वेळ काट्यावर

ओळ चांगली होती. चारही ठिकाणी आतल्या आत यमक जुळलेलं होतं, गाडीत लटकणाऱ्या माणसाचं चित्रही उभं राहत होतं. तरीही ऐकताना काहीतरी घसरत होतं. त्याचं म्हणणं, "मामा, लोकलच्या धडधडीवर तर बरोबर बसते रे. बीटवरच का सांडते?"

आधी त्या धडधडीचं बघू, कारण लोकलमध्ये 'मुळातच बीट असतं' असं बऱ्याच जणांना वाटतं. जुन्या पद्धतीच्या रुळाचा एक तुकडा १३ मीटरचा. दोन तुकड्यांच्या सांध्यावरून चाक गेलं की खटका वाजतो. ताशी ५५ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १५.३ मीटर कापते, म्हणजे दर ०.८५ सेकंदाला एक सांधा, मिनिटाला ७० खटके. ही लय भाच्याच्या बीटच्या, म्हणजे ट्रॅप या रॅपमधल्या प्रकाराच्या, जवळची आहे, हे खरं. पण वेग ८० वर गेला की खटके शंभरावर जातात आणि स्टेशन जवळ आलं की मंदावतात. शिवाय आता रूळ बहुतेक ठिकाणी वेल्डिंग करून सलग जोडलेले असतात. आज ऐकू येते ती धडधड बरीचशी गाडी रूळ बदलते त्या सांध्यांवरची, आणि ती काही मात्रा मोजून येत नाही. धडधडीवर बसते ते आपल्या मनातल्या आठवणीवर बसतं. बीट मात्र अजिबात सवलत देत नाही.

तर मग हे बीट काय चीज आहे? ट्रॅप हा अमेरिकेतल्या अटलांटा शहरात वाढलेला प्रकार. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा खोल, लांबत जाणारा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, वर सतत चिरचिरणारी हाय-हॅट नावाची झांज, आणि मध्ये कोरडा, कडक स्नेअर, म्हणजे छोट्या ड्रमचा फटका. भाच्याच्या बीटचा वेग १४० बीपीएम होता, म्हणजे मिनिटाला १४० ठोके. पण स्नेअर दर चार ठोक्यांत एकदाच, तिसऱ्यावर पडतो. त्यामुळे मान डोलते ती ७०च्या संथ लयीत आणि हाय-हॅट मात्र दुप्पट-चौपट पळत असते. एकाच वेळी संथ आणि घाईचं असं हे बीट असल्यामुळे गर्दीत अडकलेल्या, पण उशीर झालेल्या माणसाच्या वर्णनाला ते शोभतं.

दर ठोक्याचे दोन भाग केले तर प्रत्येक भाग ०.२१ सेकंदाचा होतो. असे १६ भाग म्हणजे १६ घरं. ही आपली एक ओळ, सुमारे साडेतीन सेकंदांची. स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरावर पडतो. एवढंच लक्षात ठेवायचं: पाच आणि तेरा.

आता मोजणी. शाळेत वृत्त शिकताना आपण लिहिलेली अक्षरं मोजतो. त्या हिशोबाने भाच्याच्या ओळीत २४ अक्षरं आहेत आणि ती १६ घरांत मावणार नाहीत. पण मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा आणि कधीकधी मधलाही 'अ' गिळतो. 'बॅग' हा एकच तुकडा, 'हात' एकच, आणि 'खांद्यावर' म्हणजे खां-द्या-वर असे तीन. खुद्द 'डोंबिवली'सुद्धा लिहायला चार अक्षरं, बोलायला डों-बिव-ली तीनच. तोंडातून निघणारे तुकडे मोजले तर ओळीत बरोबर १६ निघतात. घरंही १६. पोरगं खूश, एका घरात एक तुकडा भरून टाकला:

| बॅग खां द्या वर | हात दां ड्या वर | चाक सां ध्या वर | वेळ का ट्या वर |

आणि इथेच घसरगुंडी होती. पाचव्या घरात 'हात' आलाय, तेराव्यात 'वेळ'. स्नेअरचा फटका बसतो तो यमक नसलेल्या शब्दांवर. 'खां, दां, सां' हे एकमेकांना हाक मारणारे आवाज प्रत्येक वेळी ठोक्यानंतर एक घर उशिरा पोचतात, गाडी सुटल्यावर फलाटावर येणाऱ्या माणसासारखे.

इथे एक गैरसमज सांगायला हवा. ऐकणाऱ्याला वाटतं की यमक 'वर-वर-वर' या शेपटीत आहे. ते यमक फुकटचं आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लावलं की काहीही जुळतं: टेबलावर, कपाटावर, कोपऱ्यावर. कान त्याला फारशी किंमत देत नाही. खरी पकड आहे ती 'आं-द्या', 'आं-ड्या', 'आं-ध्या' या धातूसारख्या घट्ट मधल्या भागात. तिथला स्वर लांब आहे, अनुनासिक आहे, आणि पुढच्या जोडाक्षरामुळे जडही झाला आहे. फटका याच तुकड्यावर पडायला हवा.

उपाय गवयांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. समेवर यायचं तर मुखडा समेच्या आधी उचलायचा. 'बॅग' मागच्या ओळीच्या सोळाव्या घरात टाकायची:

(बॅग) | खां द्या वर हात | दां ड्या वर चाक | सां ध्या वर वेळ | का ट्या वर – |

एकही शब्द बदलला नाही. पण आता पहिल्या घरावर खां, पाचव्यावर दां, नवव्यावर सां, तेराव्यावर का. दोन्ही स्नेअर यमकावर. मांडीवर ताल धरून दोन्ही रीतींनी म्हणून बघा, कानाला लगेच कळेल. शेवटचं घरही मोकळं सुटलं, तिथे झटकन श्वास घेता येतो.

एवढं करूनही त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये 'सांध्यावर' उशिरा वाजत होतं. आणि यामागचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं.

त्याने संगणकावर आवाजाची लहर उघडली, शब्दाची सुरुवात जिथे दिसते तो बिंदू नवव्या घराच्या रेघेला नेऊन चिकटवला. डोळ्याला तंतोतंत. कानाला लंगडं. १९७६ साली जॉन मॉर्टन, स्टीव्ह मार्कस आणि क्लाइव्ह फ्रँकिश या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हा प्रश्न मांडला. बोललेले आकडे अगदी समान अंतरावर सुरू होतील असे लावले, तरी ऐकणाऱ्याला ते वेडेवाकडे वाटतात. कारण शब्द 'केव्हा झाला' हे कान त्याच्या पहिल्या आवाजावरून ठरवत नाही. प्रत्येक तुकड्याला एक जाणवणारा क्षण असतो, त्याला त्यांनी 'पर्सेप्चुअल सेंटर' म्हटलं. हा क्षण साधारणपणे व्यंजन संपून स्वर उमलतो त्याच्या आसपास असतो. आधीचं व्यंजन जितकं लांब, तितका तो शब्दाच्या सुरुवातीपासून दूर सरकतो.

आता 'दां' आणि 'सां' म्हणून बघा. 'द' म्हणजे जीभ दातांना टेकली आणि सुटली. स्वर जवळजवळ लगेच येतो. 'स' मात्र सळसळत राहतो, सहज दहाव्या हिश्श्याचा सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त. आपलं एक घर ०.२१ सेकंदाचं. म्हणजे 'स'ची सुरुवात रेघेवर ठेवली तर 'आं' जवळजवळ अर्धं घर उशिरा उमलतो. 'दां'साठी बरोबर असलेली जागा 'सां'साठी चूक. म्हणून 'स' रेघेच्या आधी, मागच्या घरातच सुरू व्हायला हवा. मुरलेला रॅपर हे नकळत करतो, तसंच आपणही टाळी वाजवत बाराखडी म्हणताना करतो. माउसने कापाकापी करणारा मात्र ते बिघडवून ठेवतो. आतल्या यमकाला हे जास्त लागू पडतं, कारण यमक जुळतं ते स्वरापासून पुढे. आधीचं व्यंजन वेगळंच असतं आणि त्याची लांबीही वेगळी.

(जाता जाता: बीट ४३२ हर्ट्झला ट्यून केलं की मेंदूच्या लहरी 'विश्वाशी जुळतात', असा एक मेसेज त्याच्या ग्रुपवर फिरत होता. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माप माणसाने ठरवलं, विश्वाने नाही. तो वेळ 'स' सरकवण्यात घालवावा.)

दुसऱ्या ओळीत त्याला तिस्र चाल हवी होती, म्हणजे एका ठोक्यात दोनऐवजी तीन तुकडे. १४०च्या वेगाला हे सेकंदाला सात तुकडे होतात, नेहमीच्या बोलण्यापेक्षा बरंच जलद. असा वेग पेलायचा तर शब्दच तीन-तीनचे हवेत, नाहीतर जीभ अडखळते. स्लो गाडीच्या मार्गाने ते आयते दिले:

| दि-व्या-ला मुं-ब्र्या-ला | कळ-व्या-ला ठा-ण्या-ला | – ध क्का म | ला – – – |

चार स्टेशनं, प्रत्येकी तीन तुकडे, पहिली आठ घरं भरली. पाचव्या घराचा स्नेअर 'कळ'वर. मग नववं घर पूर्ण रिकामं. गाडी थांबल्यासारखी ही शांतता मला ओळीतल्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त आवडते. आणि 'मला'चा 'ला' तेराव्यावर. इथे 'ला'चं यमक पुन्हा प्रत्ययाचंच आहे, फुकटचं. पण चार वेळा प्रत्यय म्हणून गेलेला 'ला' पाचव्या वेळी सर्वनामात येऊन स्नेअरवर आदळतो, तेव्हा त्याची किंमत वाढते. शब्दांची अशी झड मराठीला नवी नाही. अठराव्या शतकातले कवी अमृतराय यांचे कटाव भरभर म्हणून बघावेत.

सगळं जमलं असं वाटत असताना कोपरला राहणाऱ्या मित्राने तक्रार केली. डोंबिवली आणि दिव्याच्या मध्ये कोपर आहे, ते कुठे गेलं? को-पर-ला हेही तीनचंच, पण ठोके चारच. भाच्याने दोन दिवस खटपट केली. शेवटी पहिल्या ओळीचं शेपूट छाटून 'वेळ काट्यात' केलं, आणि पंधराव्या-सोळाव्या घरात 'कोपरला' कोंबलं. चौथं 'वर' गेलं, अर्थही थोडा लंगडला. आणि श्वासाचं ते एकमेव घरही गेलं. आता 'बॅग'पासून 'ठाण्याला'पर्यंत एका दमात ३० तुकडे, सुमारे साडेपाच सेकंद. काल त्याने म्हणून दाखवलं तेव्हा मुंब्र्यापर्यंत ठीक होता. कळव्याला आवाज बसला, आणि 'ठाण्याला'चा शेवटचा 'ला' ऐकूच आला नाही.