सूत्रातला Z आला कुठून? हेलियम आयनाची त्रिज्या, वेग आणि एका ताऱ्याच्या रेषा

लातूरच्या शिकवणीत बारावीच्या वर्गाला बोरची सूत्रं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. अँगस्ट्रॉममध्ये इलेक्ट्रॉनच्या कक्षेची त्रिज्या `r = 0.529 × n²/Z`, आणि सेकंदाला मीटरमध्ये त्याचा वेग `v = 2.19 × 10⁶ × Z/n`. इथे n म्हणजे कक्षेचा क्रमांक आणि Z म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, धडा हायड्रोजनचा आहे, मग Z कशाला? तो तर एकच असतो." प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर एका ताऱ्यापासून सुरू होतं. तो तारा आपल्याकडूनही दिसतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास औशाकडच्या एखाद्या अंधाऱ्या रानात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. क्षितिजाजवळ ठळक अगस्त्य दिसेल. त्याच्या डावीकडे वर, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर, जो बऱ्यापैकी तेजस्वी तारा आहे तो झीटा पपिस.

1896 मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी या ताऱ्याच्या वर्णपटात रेषांची एक नवी मालिका नोंदवली. हायड्रोजनची बामर मालिका तेव्हा ठाऊक होती. तिच्या सूत्रात n ला 3, 4, 5 अशा पूर्ण किमती दिल्या की हायड्रोजनच्या रेषा मिळतात. पिकरिंग यांच्या रेषा त्याच सूत्रात बसत होत्या, पण 3.5, 4.5, 5.5 अशा अर्ध्या किमती घातल्यावर. 5411, 4541 आणि 4200 अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या या रेषा हायड्रोजनच्या रेषांमध्ये एकाआड एक येत होत्या. त्यामुळे एखाद्या वेगळ्या अवस्थेतला हायड्रोजनच त्या देत असावा, असा निष्कर्ष निघाला. त्या वेळच्या माहितीवर दुसरं काही सुचणंही कठीण होतं. पुढे 1912 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड फाउलर यांनी हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात जोरदार विद्युत विसर्जन करून अशा रेषा नळीत मिळवल्या. त्यांतली 4686 अँगस्ट्रॉमची रेषा ठळक होती. फाउलर यांनीही त्या हायड्रोजनच्याच मानल्या.

1913 च्या जुलैमध्ये नील्स बोर यांचा लेख आला. त्यात त्यांनी केंद्रकाचा भार आणि इलेक्ट्रॉनचा भार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले होते. आपला Z तिथूनच येतो. दोन अटी मांडून बघू. पहिली अशी की विद्युत आकर्षण इलेक्ट्रॉनला वर्तुळात धरून ठेवतं, `mv²/r = kZe²/r²`. दुसरी अशी की कोनीय संवेग ठरावीक पटींतच असतो, `mvr = nh/2π`. पहिलीला r² ने गुणलं की `mv²r = kZe²` मिळतं. त्याला दुसरीने भागलं की m आणि r दोन्ही जातात आणि उरतो `v = 2πkZe²/(nh)`. म्हणजे वेग Z/n च्या प्रमाणात. हा वेग दुसऱ्या अटीत परत घातला की त्रिज्या n²/Z च्या प्रमाणात येते. पोरं बऱ्याचदा त्रिज्येखाली Z² लिहून मोकळी होतात, कारण ऊर्जेच्या सूत्रात Z² असतो. ताळा सोपा आहे: दुसऱ्या अटीमुळे v आणि r चा गुणाकार फक्त n वर ठरतो, त्यात Z उरता कामा नये. वेग दुप्पट झाला तर त्रिज्या निम्मी व्हायलाच हवी.

आता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम, म्हणजे Z = 2, घेऊ. पहिल्या कक्षेत त्रिज्या 0.265 अँगस्ट्रॉम आणि वेग 4.38 × 10⁶, म्हणजे हायड्रोजनच्या निम्मी आणि दुप्पट. पण खरी गंमत दुसऱ्या कक्षेत आहे. तिथे Z/n = 2/2 = 1, म्हणून वेग हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेइतकाच. त्रिज्या मात्र 4/2, म्हणजे तिच्या दुप्पट. आणि या प्रतिकृतीत एकूण ऊर्जा `−½mv²` असते, म्हणून वेग सारखा तर ऊर्जाही सारखी. त्याच हिशेबाने हेलियम आयनाची चौथी कक्षा हायड्रोजनच्या दुसरीशी जुळते आणि सहावी तिसरीशी. सातवी आणि नववी मात्र हायड्रोजनच्या कुठल्याच कक्षेशी जुळत नाहीत. त्या 7/2 आणि 9/2 वर येतात, म्हणजे 3.5 आणि 4.5. पिकरिंग यांचे अर्धे आकडे हेच. n पूर्णच होता, Z दोन होता, आणि सगळे ते हायड्रोजनच्या मापाने मोजत होते. 5411 ची रेषा म्हणजे सातव्या कक्षेतून चौथीत उडी, आणि 4686 म्हणजे चौथीतून तिसरीत.

मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत इव्हान इव्हान्स यांनी हायड्रोजन काढून टाकलेल्या हेलियममध्ये 4686 ची रेषा मिळवली. हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषा तिथे दिसल्या नाहीत. तरी फाउलर यांचा आक्षेप होताच, आणि तो मापाचा होता. बोर यांच्या सूत्रानुसार हेलियम आयन आणि हायड्रोजन यांच्या रेषांच्या सूत्रांतल्या स्थिरांकांचं गुणोत्तर नेमकं 4 यायला हवं, पण मोजमापातून 4.0016 येत होतं. वर्णपटाच्या मापात एवढा फरक माफ होत नाही.

बोर यांचं उत्तर मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत देखणं वाटतं. केंद्रक स्थिर नसतं, तेही दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती किंचित फिरतं. म्हणून m च्या जागी इलेक्ट्रॉन आणि केंद्रक या दोघांच्या वस्तुमानांवरून काढलेला रिड्यूस्ड मास घ्यायचा. हायड्रोजनचं केंद्रक इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड, हेलियमचं सुमारे 7294 पट. मग गुणोत्तर `4 × (1 + 1/1836)/(1 + 1/7294)`, म्हणजे 4.00163. वर m कुठे निघून गेला ते आठवा: वेगाच्या सूत्रात तो नव्हताच. त्यामुळे केंद्रक हललं तरी इलेक्ट्रॉनचा केंद्रकाच्या सापेक्ष वेग Z/n वरच राहतो. फरक पडतो तो त्रिज्येत आणि ऊर्जेत. त्याचा परिणाम नोंदीत दिसतो: हायड्रोजनची लाल रेषा 6562.8 अँगस्ट्रॉमवर, तर हेलियम आयनाची सहावीतून चौथीत येणारी रेषा 6560.1 वर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या साध्या हेलियम नळीत ग्रेटिंगने ही रेषा शोधू नका. तिथली ठळक पिवळी 5876 ची रेषा अख्ख्या हेलियम अणूची असते. त्यात दोन इलेक्ट्रॉन असतात आणि ते एकमेकांना ढकलतात, त्यामुळे Z = 2 घालून हे सूत्र तिथे लागू होत नाही. अणूचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. उरलेल्याला 54.4 लागतात, आणि हा दुसरा आकडाच 13.6 च्या चौपट आहे.

Z वाढवत नेलं की सूत्र हळूहळू ढासळतं. हायड्रोजनमधला वेग प्रकाशाच्या 137 व्या हिश्शाइतका, म्हणून पहिल्या कक्षेत वेग Z/137. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या युरेनियमसाठी हा प्रकाशवेगाच्या 67 टक्के होतो आणि ऊर्जा 115 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. प्रत्यक्षात ती सुमारे 132 आहे, कारण तिथे सापेक्षतेशिवाय भागत नाही. कक्षा ही कल्पनाही पुढे मागे पडली. तरी एकाच इलेक्ट्रॉनच्या हलक्या आयनांत, तळाच्या अवस्थेत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते ती 0.529/Z अँगस्ट्रॉम अंतरावरच. सापेक्षतेची चाहूल हेलियमपासूनच लागते. सोमरफेल्ड यांनी कक्षांच्या गणितात सापेक्षता आणली आणि 1916 मध्ये पाशेन यांनी तिचा पडताळा घेण्यासाठी 4686 चीच रेषा बारकाईने मोजली. तिच्या घटकांमधला सूक्ष्म फरक Z च्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून त्याच कक्षांसाठी हायड्रोजनपेक्षा सोळापट मोठा दिसतो.