मेथोट्रेक्सेटची गोळी मेडिकलमधून घेताना: चिठ्ठीत काय हवं, आणि ‘वार’ या शब्दाचा घोटाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं मेडिकल आहे. आमवाताच्या किंवा सोरायसिसच्या पेशंटला मी काउंटरवरून परत पाठवलं, की तो हमखास चिडतो. ‘मागच्या महिन्यात दिलीस की, आता काय झालं?’ म्हणून हे एकदा लिहून ठेवतो.

ही गोळी कुणाला मिळते, याचं उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी आहे, त्याला. मेथोट्रेक्सेट शेड्यूल एच मधलं औषध आहे. सुरू करण्याआधी डॉक्टर रक्त, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या करून घेतात. गरोदर बाईला किंवा मूल हवं असणाऱ्या जोडप्याला ती चालत नाही. दारू पिणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. इथवर कुणी अडत नाही.

अडतात ते चिठ्ठीपाशी. औषध नियम 1945 मधल्या नियम 65 प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती औषध द्यायचं हे लागतं. शेवटची गोष्ट दहातल्या आठ चिठ्ठ्यांवर नसते. दुसरं म्हणजे, पुन्हा द्यावी असं डॉक्टरने लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवून आलेला माणूस पुढचे सहा महिने तीच चिठ्ठी घेऊन येतो, तिला घड्या पडून तारीखही पुसलेली असते. त्याला पुन्हा तेवढा प्रवास करायला लावणारा नियम मलाही जाचतो. पण या एका गोळीपुरता मी तो पाळतो, आणि त्याचं कारण एक मावशी आहेत.

वय बासष्ट, आमवात. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा 10 मिलिग्रॅमची एक गोळी, चार आठवडे, असं लिहिलं होतं. म्हणजे गोळ्या चारच. जोडीला फॉलिक अॅसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. चिठ्ठीवर ‘1-0-0’ लिहिलं होतं आणि पुढे बारीक अक्षरात इंग्रजीत ‘आठवड्याला’. शहरातल्या ज्या दुकानातून त्यांनी औषध घेतलं, तिथे पट्टी कापायला नको म्हणून अख्खी दहाची पट्टी दिली. दुकानातल्या मुलाने कन्नडमध्ये सांगितलं, ‘वारक्के ओंदु.’ म्हणजे आठवड्याला एक. कन्नडमध्ये ‘वार’ म्हणजे आठवडा. आपल्याकडे ‘वार’ म्हणजे सोमवार, मंगळवार. मावशींनी ऐकलं ते असं, की वाराला एक, म्हणजे प्रत्येक वारी एक. आणि ‘1-0-0’ पाहून घरातल्या शिकलेल्या नातवानेही होकार दिला, कारण बाकी सगळ्या गोळ्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ रोज सकाळी एक असाच असतो.

नवव्या दिवशी मावशी माझ्याकडे आल्या. गोळ्या संपत आल्यात, दुसरी पट्टी दे. आणि तोंड आलंय, त्यावर लावायला काहीतरी दे. मी पट्टी हातात घेतली, आठ घरं रिकामी. दहा आठवडे पुरायची पट्टी दहा दिवसांत संपणार होती. आठ दिवसांत त्यांच्या पोटात 80 मिलिग्रॅम गेलं होतं. हिशेबाने त्या मुदतीत जास्तीत जास्त 20 जायला हवं होतं.

हे औषध पेशींना वाढीसाठी लागणारं फोलेट वापरू देत नाही. आमवातात थोड्या प्रमाणात याचा उपयोग होतो. पण ते पेशींच्या आत शिरून बराच काळ टिकून राहतं. मधले सहा दिवस रिकामे ठेवतात ते यासाठी, की तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं, यांना सावरायला वेळ मिळावा. रोज गोळी घेतली की तो वेळच जातो. म्हणून पहिली खूण तोंडात दिसते. तोंड येतं, गिळताना दुखतं, मग जुलाब, ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, ती बहुतेक पांढऱ्या पेशी घसरून जंतुसंसर्ग झाल्याने. किडनी कमजोर असली की औषध शरीरात साठतं आणि धोका आणखी वाढतो. लघवीच्या त्रासासाठी किंवा खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडून कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक घेतलं, तरीही तसंच होतं.

मी त्यांना तोंडाचं मलम दिलं नाही. पट्टी आणि चिठ्ठी पिशवीत घालून, मुलाला बोलावून, त्याच दिवशी बेळगावला पाठवलं. पांढऱ्या पेशी हजार-अकराशेपर्यंत घसरल्या होत्या. तब्येत ठीक असती तर त्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक अॅसिडची इंजेक्शनं दिली. घरातली फॉलिक अॅसिडची गोळी हा उतारा नव्हे. नावं सारखी म्हणून लोक घरीच दोन-चार गोळ्या जास्त घेतात आणि वेळ घालवतात. मावशी बारा दिवस दवाखान्यात होत्या, मग घरी आल्या.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर ही अट आहे, कायद्यात नसली तरी: चिठ्ठीवर वाराचं नाव हवं. ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरत नाही, ‘दर सोमवारी’ लिहा. सोमवार, मंगळवार, बुधवार मराठीत आणि कन्नडमध्ये सारखेच आहेत, तिथे कुणाची फसगत होत नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तिथूनच फोन करून विचारतो. 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने हेच सांगितलं, की गोळी घ्यायचा वार लिहिलेलं कार्ड पेशंटजवळ असावं. आपल्याकडे कार्ड नाही, तर मी पट्टीवर मार्करने वार लिहितो आणि चारच गोळ्या कापून देतो. अनेकांना गावच्या बाजाराचा वार लक्षात राहतो, तो धरला तरी चालतो. त्या वारी विसरलात तर दोन दिवसांच्या आत आठवल्यावर घ्या, त्यानंतर आठवलं तर सोडा आणि पुढच्या वारी एकच घ्या. दोन एकदम कधीही नाही.

दोन्ही गोळ्या कधीकधी पिवळ्याच असतात, म्हणून फॉलिक अॅसिड वेगळ्या डबीत ठेवा.

चूक झालीच, तर आधी दवाखाना, मग नोंद. औषधाच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, यात पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतो. 1800-180-3024 हा क्रमांक कामाच्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30 चालतो, पैसे लागत नाहीत. पट्टी, चिठ्ठी, बिल आणि रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून बोला. लोक दोन कारणांनी टाळतात. एक, चूक आपलीच म्हणून लाज वाटते. दोन, डॉक्टरवर केस होईल अशी भीती असते. दोन्ही निराधार आहेत. ही तक्रार नव्हे, तिचा कायदेशीर परिणाम नाही, नाव उघड होत नाही. नुकसानभरपाईही यातून मिळत नाही, हे आधीच सांगतो. मावशींच्या मुलाने फोन केला तेव्हा पट्टी फेकून दिलेली होती, त्यामुळे बॅच नंबर कुणालाच सांगता आला नाही.