व्याख्यान-टिपण (भौतिकी)

ध्वनिमुद्रित व्याख्यानाच्या शब्दशः उतरवलेल्या मजकुरातून बोलण्याचा पसारा काढून, निष्पत्ती (विद्यार्थ्यांच्या बोलीत डेरिव्हेशन) पायरीनिशी शाबूत ठेवून केलेली सलग मांडणी. वर्गात बसून घेतलेल्या नोट्सपेक्षा ही वेगळी. नोट्स घेणारा ऐकतानाच निवड करतो. येथे आधी सगळे उतरवले जाते आणि निवड नंतर होते.

प्रारंभ : ही पद्धत ध्वनिफितीबरोबर आली असे सामान्यतः धरले जाते. मात्र लघुलेखनाचा विचार केल्यास ती निदान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ऑक्टोबर 1884 मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रकाशाच्या तरंग सिद्धांतावर 20 व्याख्याने दिली. ए. एस. हॅथवे यांनी ती लघुलिपीत टिपली आणि त्यांच्या प्रती त्याच सुमारास निघाल्या. केल्व्हिन यांनी स्वतः सुधारलेले, बरीच भर घातलेले पुस्तक 1904 मध्ये आले. दोन्हींना एकच ग्रंथ मानण्याचा प्रघात आहे, पण प्रस्तुत अर्थाने टिपण म्हणावे ते पहिल्यालाच. दुसरे लेखकाचे पुनर्लेखन होय. शिकागो विद्यापीठात फेर्मी यांनी दिलेल्या अणुकेंद्रीय भौतिकीच्या व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी तयार केलेली टिपणे (1949) कधीकधी याच परंपरेत बसवली जातात, परंतु ती मुख्यतः वर्गातल्या नोट्सवर उभी असल्याने वेगळी धरणे बरे.

ध्वनिफितीवरून झालेल्या कामाचे सर्वांत परिचित उदाहरण कॅलटेकचे. रिचर्ड फाइनमन यांनी 1961–63 या काळात पदवीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी दिलेली व्याख्याने फितीवर घेतली गेली आणि फळ्याची छायाचित्रेही काढली गेली. संपादक रॉबर्ट लेटन यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे, की हे काम तांत्रिक संपादकाचे किंवा संशोधक विद्यार्थ्याचे नव्हते. एकेका व्याख्यानावर व्यावसायिक भौतिकीविदाचे दहा ते वीस तास खर्ची पडले. एवढा वेळ कुठे जातो, हे एक निष्पत्ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

निष्पत्तीचे संपादन : नमुन्यादाखल अवमंदित दोलकावरील व्याख्यानाचा उतरवलेला मजकूर असा असू शकेल : ‘तर एम एक्स डबल डॉट प्लस बी एक्स डॉट प्लस के एक्स बरोबर शून्य. दिसतंय का मागे? एम ने भागलं, बी बाय एम ला गॅमा म्हणू. आता ई रेझ टू अल्फा टी ठेवलं, की अल्फा बरोबर मायनस गॅमा बाय टू, प्लस मायनस रूट ऑफ गॅमा स्क्वेअर बाय फोर मायनस ओमेगा नॉट स्क्वेअर.’ यातले ‘तर’ आणि ‘दिसतंय का मागे’ डोळे मिटून काढावेत. कठीण भाग पुढचा आहे. बोलण्यात कंस नसतात, त्यामुळे वर्गमूळ कुठे संपते आणि भागाकार कुठवर जातो हे मजकुरावरून ठरत नाही. तीन वाचने शक्य आहेत :

√(γ²/4 − ω₀²), √(γ²/4) − ω₀², √(γ²/(4 − ω₀²))

निवाडा मितीय विश्लेषणाने होतो. γ आणि ω₀ = √(k/m) या दोन्हींचे एकक s⁻¹ आहे. दुसऱ्या वाचनात s⁻¹ मधून s⁻² वजा होते, तिसऱ्यात नुसत्या 4 मधून s⁻² वजा होते. म्हणून पहिलेच वाचन उरते.

मितीय विश्लेषण चिन्हाची चूक आणि अंकीय गुणक मात्र पकडत नाही. लेखनिकाने ‘मायनस’ ऐवजी ‘प्लस’ ऐकले तर √(γ²/4 + ω₀²) मितीच्या दृष्टीने निर्दोषच दिसते. तेथे सीमास्थिती तपासतात : b शून्य केल्यास शुद्ध दोलन, म्हणजे α = ±iω₀ मिळायला हवे. चुकीच्या चिन्हाने α = ±ω₀ येते, म्हणजे धक्का न देता वाढत जाणारे विस्थापन. ‘बाय टू’ गळाले असेल तर α² + γα + ω₀² = 0 या समीकरणाकडे परतावे. मुळांची बेरीज −γ हवी. बाहेर γ/2 ऐवजी γ लिहिल्यास ती −2γ भरते.

याहून फसवी चूक एकाच अक्षराचा अर्थ मध्येच बदलल्याची. पुष्कळ व्याख्याते तासाच्या सुरुवातीला γ = b/m घेतात आणि उत्तरार्धात सवयीने γ = b/2m कडे सरकतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि प्रत्येक ओळ स्वतःपुरती बरोबर असते. खूण एवढीच, की ω₁ = √(ω₀² − γ²) असे 4 नसलेले सूत्र अवचित दिसते. अशा वेळी एक व्याख्या सर्वत्र लावून पुढची सूत्रे बदलावीत आणि बदल केल्याचे नोंदवावे.

काय गाळू नये : पाल्हाळासारखे दिसणारे काही बोलणे निष्पत्तीचाच भाग असते. ‘इथे घर्षण वेगाच्या प्रमाणात धरलंय, नाहीतर हे जमणार नाही’ हे वाक्य ओघात, फळ्याकडे पाठ असताना, हळू आवाजात येते आणि छाटणीत सर्वप्रथम जाते. ते गेले की bẋ हे पद कुठून आले याचा पत्ता लागत नाही. शंकासमाधानाचेही तसेच. ध्वनिग्राहक व्याख्यात्याजवळ असल्याने विद्यार्थ्याचा प्रश्न बहुधा ऐकू येत नाही, मजकुरात फक्त ‘नाही, मग टी ने गुणायचं’ एवढे उत्तर राहते. γ = 2ω₀ असताना दोन्ही मुळे एक होतात आणि दुसरे उत्तर t·e^(−γt/2) घ्यावे लागते, हे त्या उत्तराचे मर्म. संपादकाने प्रश्न पुन्हा उभा करून तो चौकटी कंसात द्यावा.

अट गळाल्याचे छापील उदाहरण फाइनमन यांच्याच दुसऱ्या खंडात होते. बंद वाहकाच्या आतील स्थिर विद्युतभारांमुळे बाहेर क्षेत्र निर्माण होत नाही, असे तेथे म्हटले होते. वाहक जमिनीशी जोडलेला असेल तरच हे खरे; नंतरच्या आवृत्तीत तो शब्द घातला गेला. तपासणी सोपी होती : न जोडलेल्या वाहकावर स्वतःचा निव्वळ भार नसेल आणि आतील एकूण भार q असेल, तर बाहेरून वाहकाला वेढणाऱ्या पृष्ठावर गाऊसचा नियम लावल्यास फ्लक्स q/ε₀ येतो, शून्य नाही.

क्रमाविषयी मतभेद : एका मताप्रमाणे व्याख्यात्याचा क्रम मोडू नये, कारण विचार कसा सुचत गेला ते त्यातच दिसते. दुसऱ्या मताप्रमाणे तर्काचा क्रम लावावा. निष्पत्तीच्या आत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पंधराव्या मिनिटाला लिहिलेले चुकीचे चिन्ह चाळिसाव्या मिनिटाला दुरुस्त झाले असेल, तर दुरुस्ती पंधराव्या मिनिटाच्या जागी न्यावी. विषयांतरे आणि प्रकरणांचा क्रम मात्र शक्यतो मूळचाच ठेवावा. ‘हे इकडचं तिकडे गेलं’ यासारखी वाक्ये फळ्याचे चित्र नसेल तर सुटत नाहीत, आणि अंदाजाने भरलेली पायरी तशी दर्शवली नाही तर ती व्याख्यात्याच्या नावावर जाते.

भारतात एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या व्याख्यानांसोबत (2003 पासून) उतरवलेला मजकूर मिळतो. तो बहुतांशी शब्दशः असल्याने टिपणाचे काम वाचणाऱ्याकडेच राहते. प्रत्येक समीकरणापुढे चित्रफितीतील मिनिट-सेकंद लिहून ठेवल्यास शंकास्थळी मूळ उच्चार पुन्हा ऐकता येतो.