अवतरणातला कॉमा, अवतरणातली ओळ

कोल्हापुरातल्या चपलांच्या दुकानाने आपल्या ऑर्डरी एक्सेलमधून सीएसव्ही फाइलमध्ये काढल्या, तर एखादी नोंद अशी दिसेल:

```
101,"रंकाळा रोड,
शिवाजी पेठ","चप्पल ""कापशी"", 9 नंबर",1450
```

नोंद एकच, रकाने चार: क्रमांक, पत्ता, माल, किंमत. पण फाइल आधी ओळींवर आणि मग कॉमांवर तोडली, तर पहिल्या ओळीचे तीन तुकडे पडतात, त्यातला शेवटचा रिकामा. दुसरीचे पडतात चार. खरी गोम इथेच आहे. चार तुकडे बरोबर भरल्यामुळे रकाने मोजणारी तपासणी ही ओळ मुकाट्याने पास करते, आणि ऑर्डर क्रमांकाच्या जागी शिवाजी पेठ जाऊन बसते.

म्हणून फाइल एकेक अक्षर वाचत जायची आणि एकच गोष्ट लक्षात ठेवायची: आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर. बाहेर असताना कॉमा आला की रकाना संपला, ओळ बदलली की नोंद संपली. आत असताना दोन्ही नुसती अक्षरं. जशीच्या तशी साठवायची. रंकाळा रोडनंतरचा कॉमा आणि त्यामागची नवी ओळ त्यामुळे पत्त्यातच राहतात.

आत असताना अवतरणचिन्ह भेटलं, तर मात्र लगेच निर्णय घ्यायचा नाही. पुढचं अक्षर बघायचं. तेही अवतरणचिन्ह असेल, तर दोन्ही मिळून मजकुरातलं एकच चिन्ह, आणि आपण अजून आतच. सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या २००५च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हाच नियम आहे. पुढे कॉमा, ओळीचा शेवट किंवा फाइलचा शेवट असेल, तर अवतरण मिटलं. ‘कापशी’नंतर दोन चिन्हं लागोपाठ येतात, म्हणून त्यापुढचा कॉमा रकाना तोडत नाही. ‘नंबर’नंतर एकच येतं आणि मग कॉमा, तिथे तुटतो.

देवनागरीची काळजी नको. यूटीएफ-८ मध्ये आपल्या अक्षरांच्या बाइटांत कॉमा किंवा अवतरणाचा बाइट कधीच येत नाही. वर्डमधली वळणदार अवतरणं मात्र चालत नाहीत. वाचणाऱ्या प्रोग्रामला ती साधी अक्षरंच वाटतात.

अवतरण मिटल्यानंतर भलतंच अक्षर आलं, तर फाइल बिघडलेली आहे. समजा, 102 नंबरच्या पत्त्याचं शेवटचं अवतरण राहून गेलं आणि त्या नोंदीत पुढे दुसरं अवतरण नाही. वाचणारा आतच राहतो, 103च्या पत्त्याच्या सुरुवातीच्या चिन्हाला मिटणारं समजतो आणि पुढचं ‘रा’ बघून अडखळतो, पत्ता राजारामपुरीचा असेल तर. चूक 102ची, तक्रार 103वर. पुढे एकही अवतरण नसेल, तर उरलेली सगळी फाइल त्या एका रकान्यात जाते. म्हणून अवतरण उघडतानाच ओळ क्रमांक टिपून ठेवावा, आणि त्रुटीच्या संदेशात अडखळल्याच्या ओळीबरोबर तोही छापावा.