सक्तीच्या उपचारांचा आढावा : ‘पर्याय नाही’ हा परिच्छेद कुठून आला

रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवायचं असेल, तर आढावा-सुनावणीपुढे डॉक्टरांना लेखी अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या निदानावर सहसा कुणी भांडत नाही. भांडण होतं ते शेवटी, धोका नेमका कसला आणि कमी बंधनाच्या उपायाने का भागत नाही, यावर. जुन्या काळी हे दोन प्रश्नच नव्हते. रुग्ण मनोरुग्ण आहे आणि ताब्यात ठेवण्याजोगा आहे, एवढा दाखला पुरायचा.

हे बदललं ते मुख्यतः 1966 मध्ये, अमेरिकेत. 1962 साली वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर साठीची एक बाई पोलिसांना भरकटताना सापडली. स्मरणशक्ती ढासळलेली, पण कुणाला इजा करण्याचा प्रश्नच नव्हता. ती पुन्हा वाट चुकेल, थंडीवाऱ्यात सापडेल, एवढाच धोका. तिला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. अपील न्यायालयाने विचारलं, त्यासाठी रुग्णालयच कशाला? गळ्यात नाव-पत्त्याचं कार्ड, घरी येणारी परिचारिका, दिवसभराचं सांभाळ केंद्र, सांभाळायला तयार असलेलं एखादं कुटुंब, यांपैकी काय चालेल ते तपासा. आणि हा शोध रुग्णाने घ्यायचा नाही, तो घेण्याची जबाबदारी सरकारची.

विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशाचं म्हणणं होतं की असली समाजकार्याची चौकशी न्यायालयाला झेपणारी नाही. ही अडचण खरी होती. पण त्यातून निघतं एवढंच, की चौकशी आधी दुसऱ्या कुणीतरी करून कागदावर मांडायला हवी. आजचा अहवाल तेच काम करतो. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं, तिथे योग्य पर्याय सापडला नाही आणि 1971 मध्ये ती बाई रुग्णालयातच वारली. हा शेवट निकालाचं कौतुक करणारे बहुधा गाळतात. तिला बाहेर राहता येणार नव्हतं, की बाहेर तिच्यासाठी जागाच नव्हती, हा प्रश्न तेव्हा नीट सुटला नाही आणि आजही अहवालांत तो ‘योग्य पर्याय उपलब्ध नाही’ या एका ओळीत दडपला जातो.

1966 मध्येच दुसऱ्या एका निकालामुळे न्यूयॉर्कच्या बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयांतून 967 जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. सगळ्यांवर ‘धोकादायक’ असा शिक्का होता. पुढची चार वर्षं त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा परत बंदोबस्तात पाठवावे लागलेले फारच थोडे निघाले. त्या नुसत्या शिक्क्याची पत तेव्हापासून घसरली.

याचा अहवालावर काय परिणाम झाला, ते एका कल्पित रुग्णावर पाहू. चौतिशीची बाई, उन्मादाचा झटका, दाखल होऊन तीन आठवडे. ‘स्वतःला व इतरांना धोका’ हे वाक्य सुनावणीत टिकत नाही. टिकतं ते असं: दाखल होण्याआधीच्या आठवड्यात ती दोनदा रात्री भरधाव गाडी चालवत निघाली, एकदा दुभाजकाला धडकली, दोन्ही वेळी आधीचे काही दिवस झोप नव्हती आणि गोळ्या बंद होत्या, आता पाच तास झोप लागते, पण ‘घरी गेल्यावर गोळ्या घेणार नाही’ असं ती परवाच म्हणाली. कसला धोका, कोणत्या स्थितीत, किती लवकर आणि आता काय बदललं, हे सगळं त्यात येतं.

मग पर्याय एकेक करून. स्वेच्छेने राहण्याबद्दल कधी विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं? घरी रोज पथक पाठवलं तर? बहीण सोबत राहायला तयार आहे, पण रात्रपाळी करते आणि धोका रात्रीचाच आहे. महिन्याचं इंजेक्शन? त्याला ती तयार नाही, आणि दिलं तरी परिणाम दिसायला वेळ लागतो. रात्री येणारं पथक त्या भागात नसेल, तर तसंच लिहायचं. ती उणीव सेवेची आहे, रुग्णाच्या आजारात ढकलायची नाही.

युरोपात हाच दबाव वेगळ्या दिशेने आला. 1979 मध्ये मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की आजार ताब्यात ठेवण्याइतका गंभीर हवा आणि ताबाही आजार टिकून असेपर्यंतच. तरीही इंग्लंडमध्ये, ताब्याची गरज उरलेली नाही हे रुग्णानेच पटवून द्यायचं, अशी कायद्याची रचना 2001 पर्यंत होती. ती त्या वर्षी न्यायालयाने मानवी हक्कांशी विसंगत ठरवली आणि मग कायदा बदलला. भारताच्या 2017 च्या कायद्यातही स्वतःला इजेची धमकी वा प्रयत्न ‘अलीकडचा’ असावा लागतो आणि दाखल करणं हाच सर्वांत कमी बंधनाचा मार्ग असल्याची खात्री द्यावी लागते. जुन्या केसपेपरातली दहा वर्षांपूर्वीची मारहाण नव्या अहवालात तारीख न घालता उतरवण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. सुनावणीत रुग्णाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.